पगारवाढीनंतर एसआयपी किती वाढवायची: स्टेप-अपचा हिशोब पगाराच्या स्लिपवरून

वाळूजच्या एका कारखान्यात मी पगारपत्रकं बनवते. आमच्याकडे वाढीची पत्रं जूनच्या मध्यावर हातात पडतात, पण वाढ लागू होते एप्रिलपासून. त्यामुळे एप्रिल आणि मेचा फरक जूनच्या पगारात जोडून येतो आणि तो पगार ७ जुलैला खात्यात जमा होतो. त्या आठवड्यात पोरं खुशीत असतात. कुणी गाडीचा हप्ता वाढवतं, कुणी मोबाईल घेतं, आणि हल्ली बरेच जण येऊन विचारतात, "ताई, एसआयपी वाढवायची आहे, किती वाढवू?"

ज्यांनी एसआयपी नुकतीच सुरू केली आहे किंवा करणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. स्टेप-अप म्हणजे दर वर्षी पगार वाढला की म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता ठरावीक टक्क्यांनी वाढवायचा. काही फंड घराण्यांच्या अर्जावर यालाच टॉप-अप म्हणतात. कल्पना सोपी आहे. गडबड होते ती तीन ठिकाणी: टक्का ठरवताना, महिना निवडताना आणि बँकेच्या मॅन्डेटची मर्यादा भरताना. माझ्या भाच्याचं उदाहरण घेऊनच सांगते, कारण त्याचे सगळे आकडे माझ्यासमोर आहेत. तो मूळचा सेलू तालुक्यातला, बजाजनगरला खोली घेऊन राहतो, गावाकडे आईवडील आणि चार एकर कोरडवाहू.

आधी स्लिप वाचा, पत्र नंतर

यंदा भाच्याला ८ टक्के वाढ मिळाली. पत्रात लिहिलं होतं, महिन्याला २,४०० रुपये वाढ. ७ जुलैला खात्यात ३४,६१८ रुपये आले. आधी त्याला २७,८८० मिळायचे. त्याने लगेच फोन केला, "मावशी, जवळजवळ सात हजार वाढले की गं! एसआयपी दुप्पट करून टाकू का?"

मी म्हटलं, ऑगस्टच्या पगारापर्यंत थांब. ७ ऑगस्टला आले ३०,१२६. आता त्याचा प्रश्न उलटा झाला, "पत्रात तर चोवीसशे लिहिलेत, मग बावीसशेच का वाढले?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्लिपवर होती. आधी त्याचा एकूण पगार ३०,००० होता. त्यातले मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १६,०००. त्यावर १२ टक्के पीएफ, म्हणजे १,९२० कापले जायचे आणि व्यवसाय कराचे २०० जायचे. उरायचे २७,८८०. वाढीनंतर एकूण पगार ३२,४०० झाला, पण मूळ वेतनही वाढून १७,२८० झालं, म्हणून पीएफची कपात २,०७४ वर गेली. व्यवसाय कर तेवढाच. हातात ३०,१२६. म्हणजे खरी वाढ २,२४६ रुपये. जुलैत जास्त आलेले ४,४९२ रुपये हे दोन महिन्यांचे एरिअर्स होते. ते एकदाच येतात, परत येत नाहीत.

पीएफमध्ये गेलेला पैसा वाया गेला असं नाही, तो तुमचाच आहे. पण हप्ता कापला जातो खात्यातून, आणि खात्यात येतो तो हातातला पगार. म्हणून स्टेप-अपचा हिशोब नेहमी फरकाचा महिना सोडून पुढच्या पहिल्या स्वच्छ स्लिपवरूनच करायचा. ज्यांच्या पगारातून आयकर कापला जातो, त्यांची तर वाढीनंतर करकपातही बदलते. त्यांनी आणखी एक महिना थांबून दोन स्लिपा शेजारी शेजारी ठेवाव्यात.

टक्का कसा ठरवायचा

भाच्याने गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये २,५०० रुपयांची एसआयपी सुरू केली. तेव्हाच आम्ही दर वर्षीच्या वाढीचा टक्का ठरवला. त्याला वीस टक्के हवे होते. मित्राने मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये वीस टक्के घालून दाखवले होते आणि शेवटचा आकडा भलामोठा आला होता.

सुरुवातीला वीस टक्के जड वाटत नाहीत, यातच फसगत आहे. २,५०० चे वीस टक्के म्हणजे ५०० रुपये. यंदाच्या २,२४६ च्या वाढीतून ५०० काढणं त्याला सहज जमलं असतं. पण हप्ता दर वर्षी २० टक्क्यांनी वाढतो आणि पगार वाढतो ८ टक्क्यांनी, म्हणजे हप्ता पगाराच्या मागे लागलेला असतो. पगार दर वर्षी ८ टक्क्यांनीच वाढत राहिला असं धरा. दहा वर्षांनी त्याच्या हातात साधारण ६०,२०० रुपये येतील आणि हप्ता असेल १५,५०० च्या आसपास, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. पंधराव्या वर्षाअखेर हातात ८८,४०० आणि हप्ता ३८,५००. पगाराचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. तोवर घराचं कर्ज असेल, लेकरांच्या शाळा असतील. अशी एसआयपी कुणी चालवत नाही. ती मध्येच बंद पडते, आणि बहुतेक वेळा अडचणीच्या वेळी बंद पडते.

आता दहा टक्के घ्या. दहा वर्षांनी हप्ता ६,५०० च्या जवळ, म्हणजे पगाराच्या ११ टक्के. पंधरा वर्षांनी १०,४०० च्या पुढे, म्हणजे १२ टक्क्यांच्या आत. सुरुवातीला तो पगाराच्या ९ टक्के होता. म्हणजे भार वाढतो, पण हळूहळू. हे झेपतं.

म्हणून मी सांगते ते असं. गेल्या तीन वर्षांत हातातला पगार किती टक्क्यांनी वाढला ते स्लिपांवरून काढा. भाच्याचं ७, ९ आणि ८ होतं, सरासरी ८. त्यात दोन मिळवा, तो तुमचा स्टेप-अपचा टक्का. तीनपेक्षा जास्त मिळवू नका. नंतर एक पडताळा घ्या: पहिल्या वर्षी हप्त्यात पडणारी भर हातात आलेल्या वाढीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. भाच्याच्या हप्त्यात भर पडली २५० ची आणि वाढ होती २,२४६ ची, म्हणजे भरपूर जागा शिल्लक. जागा शिल्लक असेल तर टक्का वाढवू नका. त्याऐवजी सुरुवातीचाच हप्ता थोडा मोठा ठेवा, किंवा त्या वर्षापुरती वेगळी रक्कम टाका. टक्का एकदा लिहिला की तो दर वर्षी आपोआप लागतो, हे डोक्यात ठेवूनच तो लिहायचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा इतर सरकारी नोकरीत असाल तर तुमची वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या ३ टक्के असते आणि महागाई भत्त्याची वाढ वेगळी, तीही बहुतेक वेळा उशिरा आणि थकबाकीसह येते. भत्त्याच्या भरवशावर मोठा टक्का लिहू नका. तुमच्यासाठी पाच-सहा टक्के बरे. भत्त्याची थकबाकी हातात आली की त्यातून हवं तर एकरकमी टाका.

यात जादू किती, भर किती

हा भाग मी मुद्दाम लिहितेय, कारण स्टेप-अपच्या जाहिरातींत तो कुणी सांगत नाही.

भाच्याचा २,५०० चा हप्ता पंधरा वर्षं तसाच ठेवला आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला (हा फक्त हिशोबासाठी, बाजार असं वचन देत नाही), तर तो भरेल ४ लाख ५० हजार आणि जमतील सुमारे १० लाख ४५ हजार. तोच हप्ता दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवला तर जमतील सुमारे १८ लाख ६० हजार. फरक मोठा दिसतो. पण या दुसऱ्या वाटेने तो भरेल ९ लाख ५३ हजार, म्हणजे दुपटीहून जास्त. जमलेली रक्कम मात्र पावणेदोन पटीच्या थोडीच वर आहे, दुप्पट नाही.

याचं कारण वेळ. वाढवून टाकलेला पैसा उशिरा जातो, त्याला वाढायला कमी वर्षं मिळतात. ९ लाख ५३ हजारांपैकी पावणेपाच लाख, म्हणजे निम्मी रक्कम, शेवटच्या पाच वर्षांतच जाते. त्यामुळे स्टेप-अप आहे म्हणून सुरुवातीचा हप्ता हातचं राखून ५०० रुपयांचा ठेवला तर त्यात तोटाच आहे. शिवाय पंधरा वर्षांनी लेकीच्या शिक्षणाला पैसे लागणार असतील, तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतले मोठे हप्ते शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात टाकणं धोक्याचं. बाजार नेमका तेव्हाच पडला तर सावरायला वेळ उरत नाही. तेव्हा ते हप्ते सुरक्षित ठिकाणी वळवावे लागतील, याची नोंद आजच कुठंतरी लिहून ठेवा.

महिना निवडणं: इथं पाऊस मध्ये येतो

आपोआप होणाऱ्या स्टेप-अपला तुमची पगारवाढ कधी झाली हे माहीत नसतं. तुम्ही वर्षाचा पर्याय निवडला की पहिल्या बारा हप्त्यांनंतर तेरावा हप्ता वाढलेला जातो, पुढे दर बारा हप्त्यांनी असंच. म्हणजे एसआयपी ज्या महिन्यात सुरू कराल तोच तुमचा कायमचा वाढीचा महिना. बहुतेक जण मनात येईल तेव्हा सुरू करतात. जानेवारीत सुरू केली तर दर जानेवारीत हप्ता वाढणार, आणि पगार वाढायला पुढे सहा महिने असणार.

ज्यांचं घर गावाकडे शेतीवर आहे त्यांच्यासाठी जून-जुलै हे महिने सगळ्यात वाईट. मृगाचा पाऊस पडला की बियाणं आणि खत घ्यायला पैसे पाठवावे लागतात. सोयाबीनची पेरणी उरकते आणि पंधरा दिवस पाऊस दडी मारतो, मग दुबार पेरणी. आपल्याकडे हे किती वेळा घडलंय ते सांगायला नको. भाच्याने गेल्या वर्षी जूनमध्ये बारा हजार पाठवले आणि जुलैत परत सात हजार. त्यात शाळा-कॉलेजच्या फीसुद्धा याच दिवसांत. हप्ता जूनमध्ये वाढणारा ठेवला असता तर पहिल्याच वर्षी तो चुकला असता.

म्हणून आम्ही ऑगस्ट धरला. तोवर पेरणीचा निकाल लागलेला असतो, एरिअर्स येऊन गेलेले असतात आणि ७ ऑगस्टचा पगार हा पहिला स्वच्छ पगार असतो. हप्त्याची तारीख १२ ठेवली. ७ ला पगार, मध्ये एखादी सुट्टी आली तरी चार-पाच दिवसांची सोय. तुमचा पगार १० ला होत असेल तर १५ धरा. पगाराच्याच दिवशीची तारीख घेऊ नका, पगार एक दिवस उशिरा झाला की हप्ता परत जातो.

एरिअर्सच्या ४,४९२ रुपयांचं काय केलं, हेही सांगते. ते दुबार पेरणीसाठीच्या वेगळ्या बचत खात्यात गेले. असं खातं आधी असलं की स्टेप-अप टिकतो.

अर्ज भरताना

अर्ज कागदावर भरा किंवा मोबाईलवर, स्टेप-अपचा रकाना एसआयपीच्या रकान्याला लागूनच असतो. त्यात तीन गोष्टी भरायच्या: वाढ टक्क्यात की रुपयांत, ती किती काळाने आणि कुठवर. भाच्याने लिहिलं: १० टक्के, दर वर्षी, कमाल हप्ता १०,०००. या शेवटच्या आकड्याला कॅप म्हणतात. हप्ता तिथपर्यंत पोचला की वाढ थांबते, एसआयपी त्याच रकमेवर चालू राहते. हा रकाना ऐच्छिक असतो म्हणून लोक रिकामा सोडतात. सोडू नका. वाढ रुपयांत निवडली तर अनेक फंड घराणी ती ५०० च्या पटीतच घेतात. २,५०० च्या हप्त्यावर ५०० म्हणजे वीस टक्के झाले, आणि दहाव्या वर्षी तेच ५०० म्हणजे जेमतेम सात टक्के. पगार टक्क्यांत वाढतो, म्हणून हप्ताही टक्क्यांत वाढवलेला बरा.

मग येतो मॅन्डेट. बँकेला दिलेली ही परवानगी असते, अमुक रकमेपर्यंत माझ्या खात्यातून कापा. इथं माझ्याच हातून चूक झाली होती. काही वर्षांपूर्वी मी ४,००० चा हप्ता सुरू केला, १० टक्के स्टेप-अप लावला आणि मॅन्डेटची मर्यादा लिहिली ५,०००. तेव्हा वाटलं, हजार रुपये वर ठेवलेत, पुरे झालं. दुसऱ्या वर्षी ४,४०० गेले, तिसऱ्या वर्षी ४,८४०. चौथ्या वर्षी हप्ता झाला ५,३२४ आणि बँकेने तो नाकारला. मेसेज आला होता, पण मी तो इतर मेसेजमध्ये पाहिलाच नाही. पुढच्या महिन्यातही तेच. पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं की दोन महिने हप्ताच गेला नाही. सलग तीन हप्ते चुकले की महिन्याची एसआयपी बंदच होते. मी एका हप्त्याने वाचले.

मॅन्डेटची रक्कम म्हणजे कापली जाणारी रक्कम नव्हे, ती फक्त वरची हद्द. त्यामुळे ती मोठी लिहिली म्हणून पैसे जास्त जात नाहीत. किती लिहायची हे काढायला शेवटच्या वर्षाचा हप्ता काढा. २,५०० ला दर वर्षी १० टक्के वाढ दिली तर पंधराव्या वर्षीचा हप्ता होतो ९,४९४. भाच्याने मॅन्डेट १५,००० चा केला. मॅन्डेटची शेवटची तारीखही पाहा. एसआयपी पंधरा वर्षांची आणि मॅन्डेट दहाचा, असं झालं तर अकराव्या वर्षी हप्ता आपोआप थांबेल.

आधीची साधी एसआयपी चालू असेल तर

बऱ्याच ठिकाणी चालू एसआयपीला मागाहून स्टेप-अप जोडता येत नाही. तेव्हा जुनी बंद करून सगळं नव्याने सुरू करण्याची घाई करू नका. जुनी जशी आहे तशी चालू द्या आणि त्याच फोलिओत, त्याच योजनेत वाढीपुरती दुसरी छोटी एसआयपी सुरू करा, तिला स्टेप-अप लावा. मात्र टक्का आता फक्त या छोट्या हप्त्यावर लागणार आहे हे विसरू नका. जुना हप्ता ३,००० आणि नवा १,००० असेल तर १० टक्के म्हणजे १०० रुपयेच, एकूण ४,००० वर अडीच टक्के. यावर उपाय म्हणजे सगळी रक्कम एका नव्या स्टेप-अप एसआयपीत आणणं. तसं करायचं असेल तर नव्याचा पहिला हप्ता खात्यातून गेल्याचं दिसल्यावरच जुनी बंद करा. जुनी बंद केली म्हणून आतापर्यंत घेतलेली युनिट्स कुठं जात नाहीत, ती फोलिओत तशीच राहतात आणि त्यांच्यावरचा परतावाही चालू राहतो. इतक्या साध्या गोष्टीपायी लोक घाबरून पैसे काढून घेतात, म्हणून सांगितलं.

वाढ मिळाली नाही त्या वर्षी

ऑर्डर कमी असल्या की कारखान्यात वाढ होत नाही, किंवा दोनच टक्के होते. हप्ता मात्र आपल्या वेळेवर दहा टक्क्यांनी वाढतोच. अशा वर्षी हातातल्या पगाराशी हप्त्याचं प्रमाण काढा. भाच्याचं आज २,७५० भागिले ३०,१२६, म्हणजे ९ टक्क्यांच्या थोडं वर. एखाद्या वर्षी वाढ झाली नाही तरी ते १० वर जाईल, एवढं सोसतं. पण सलग दोन वर्षं वाढ नसेल आणि प्रमाण १५ टक्क्यांकडे सरकत असेल, तर ती एसआयपी रद्द करून त्याच रकमेची, कमी टक्क्याच्या स्टेप-अपची नवी लावावी. दुष्काळाचं वर्ष असेल आणि गावाकडे दर महिन्याला पैसे लागत असतील तर काही फंड घराणी एक ते तीन महिन्यांची विराम सोय देतात. तिचा अर्ज हप्त्याच्या तारखेच्या बरेच दिवस आधी द्यावा लागतो, १० तारखेला आठवून १२ चा हप्ता थांबत नाही.

वाढ लागली का, हे पाहायचं कसं

वाढीच्या महिन्यात हप्त्याच्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी बँकेच्या खात्यातली नोंद आणि फंडाचं स्टेटमेंट दोन्ही काढा. बँकेत नवी रक्कम कापलेली दिसायला हवी आणि स्टेटमेंटमध्ये त्याच रकमेची युनिट्स, त्यातून मुद्रांक शुल्काचे काही पैसे वजा होऊन. बँकेत जुनीच रक्कम दिसली तर स्टेप-अपची नोंदच झालेली नाही, अर्जाची पोच काढून तो रकाना तपासा. काहीच कापलं गेलं नसेल तर आधी मॅन्डेटची मर्यादा पाहा, मग शिल्लक. भाच्याने १६ ऑगस्टला मला पासबुकाचा फोटो पाठवला, २,७५० ची नोंद होती. खाली त्याने लिहिलं होतं, "गेला गं मावशी, बरोबर." मी त्याला पुढच्या ऑगस्टचा आकडा पाठवला: ३,०२५.